तिकीट फाटलं का? परदेशातल्या मराठी मंडळाचं नाटक आणि वडशाची शिकवण

(भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

आज मी ब्रह्मपुरीच्या घरून बोलतोय, त्यामुळे मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "दादा, तू जर्मनीत असताना तिथल्या मराठी मंडळाचं प्रमोशन करायचास म्हणे. ते नेमकं काय असतं? पोस्टर बनवायचं आणि ग्रुपवर टाकायचं, एवढंच ना?" मलाही सुरुवातीला तेवढंच वाटत होतं. ते तेवढंच नाही हे कळायला मला एक अर्धं रिकामं सभागृह बघायची वेळ आली होती. आली म्हणजे अगदी येता येता टळली. तीच गोष्ट आज सांगतो.

पण आधी वडशाला जाऊन येऊ, कारण गोष्टीचा अर्धा भाग तिथे आहे.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा आपला झाडीपट्टीचा भाग. दिवाळी झाली, धान निघालं की गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. नाटक कंपन्यांचं मुख्य ठिकाण म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, कागदावरचं देसाईगंज. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या बऱ्याच लोकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल.

आता यातला व्यवहार बघा. गावातलं नाट्यमंडळ वडशाला जातं, कंपनीशी रक्कम ठरवतं, इसार देतं. ती रक्कम ठरलेली असते. प्रेक्षक पाचशे आले तरी तेवढीच, दोन हजार आले तरी तेवढीच. मंडप, लाईट, छपाई हे सगळं मंडळाच्या अंगावर. म्हणजे तिकिटं खपली नाहीत तर कंपनीचं काही जात नाही, गावातल्या दहा-बारा पोरांच्या खिशातून पैसे जातात. आमचे मोठेबाबा असल्याच एका मंडळात बरीच वर्षं होते. नाटकाच्या आठ दिवस आधी घरी कोणी येऊन "यंदा लई लोकं येतो म्हणतात" असं म्हणालं, की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "येतो म्हणणारे नोको सांगू बाप्पा. तिकीट किती फाटलं ते सांग."

हे वाक्य लक्षात ठेवा.

परदेशातल्या मराठी मंडळाचा व्यवहार अगदी हाच असतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं. अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचं, त्यांचं अधिवेशन साधारण दर दोन वर्षांनी भरतं आणि त्याला हजारो लोक येतात. ही झाली मोठी नावं. पण युरोपातल्या मधल्या शहरातलं मंडळ म्हणजे नोकरी सांभाळून काम करणारी सात-आठ माणसं. भारतातून नाटक दौऱ्यावर येतं, प्रत्येक शहरातलं मंडळ त्याला ठरावीक रक्कम देतं, हॉल भाड्याने घेतं, आणि मग तिकीट विकायची जबाबदारी मंडळाची. वडशाच्या इसाराचंच हे युरोमधलं रूप समजा.

मी ज्या मंडळात होतो त्याचं नाव घेत नाही, कारण चुका सांगणार आहे आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच आहेत.

आमचं नाटक नोव्हेंबरातल्या एका शनिवारी होतं. हॉल ३१० खुर्च्यांचा. खर्च असा : नाटकाचे २,९०० युरो, हॉलचे १,२००, लाईट-साऊंड ४००, कलाकारांचं राहणं-जेवण ३००. एकूण ४,८०० युरो. मोठ्यांचं तिकीट २५, मुलांचं १०, आणि पहिले चार दिवस घेणाऱ्याला १८. मोठी माणसं, मुलं, सवलत सगळं धरून सरासरी एका तिकिटामागे २० युरो पडतील असा आमचा अंदाज. ४,८०० भागिले २० म्हणजे २४० तिकिटं. ही आमची रेषा होती. त्याच्या खाली गेलो की खिशातून.

जाहिरात करणाऱ्याने सगळ्यात आधी हा आकडा विचारावा. पोस्टरचा रंग नंतर. कारण पुढे दर आठवड्याला जे निर्णय घ्यायचे असतात, सवलत द्यायची का, पैसे देऊन जाहिरात करायची का, ते सगळे या एका आकड्याला धरून घ्यावे लागतात.

आता घोषणा. सहा आठवडे आधी, रविवारी सकाळी. हा वार आणि वेळ मुद्दाम निवडला होता. तिथे रविवारी दुकानं बंद असतात, लोक घरी निवांत असतात, नवरा-बायको दोघं एकत्र असतात. नाटकाचं तिकीट एकटा माणूस ठरवत नाही, घर ठरवतं. ऑफिसच्या वेळेत मेसेज वाचला तर "संध्याकाळी विचारतो" म्हणून तो खाली जातो तो जातोच.

पहिली चूक इथेच झाली आणि ती मी केली. तिकिटाचं पान मीच बनवलं होतं. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की तिच्याखाली छोटं चित्र आणि शीर्षक येतं ना, ते पानातल्या `og:title` आणि `og:image` या दोन ओळींवरून येतं. मी तिथे छपाईसाठीचं मोठं पोस्टर तसंच जोडलं. फाईल एवढी जड की व्हॉट्सॲपने चित्र दाखवलंच नाही. नुसती निळी लिंक गेली. परदेशात बँकेच्या नावाने फसवणुकीच्या लिंक रोज येतात, त्यामुळे अनोळखी निळी लिंक कोणी उघडत नाही. अर्ध्या तासात मी चित्र हलकं केलं, पण एकदा गेलेल्या मेसेजमधलं चित्र नंतर बदलत नाही. तो मेसेज तसाच पुढे फिरत राहिला. आता माझा नियम असा : आधी स्वतःच्याच नंबरवर लिंक पाठवायची, चित्र दिसतंय का बघायचं, दुसऱ्याच्या फोनवरून एक खरं तिकीट विकत घ्यायचं, आणि मगच घोषणा.

तरी पहिल्या चार दिवसांत ६४ तिकिटं गेली. आम्ही खूष. मी एक डॅशबोर्ड बनवला होता, त्यावर पान किती वेळा उघडलं याचा आकडा दिसायचा. तो रोज वाढत होता. फेसबुकवरच्या इव्हेंटला "इंटरेस्टेड" म्हणणारे ४१० झाले. हॉल ३१० चा आणि इंटरेस्टेड ४१०! आमचे अध्यक्ष काका म्हणाले, "अरे, खुर्च्या कमी पडतील की काय?"

मग तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत किती तिकिटं गेली माहितीये? २९. एकूण ९३. हातात १७ दिवस, आणि रेषा २४० ची.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे घाबरायचं कधी आणि नाही कधी ते कळतं. असल्या कार्यक्रमाच्या विक्रीत मधे खड्डा पडतोच. सुरुवातीला घेतात ते मंडळाचे नेहमीचे लोक आणि सवलत बघणारे. शेवटी घेतात ते "बघू, जमलं तर" वाले. मधले आठवडे ओस असतात. त्यामुळे मधे विक्री थंडावली म्हणजे कार्यक्रम पडला असं नसतं. पण शेवटच्या आठवड्यात किती येणार हे मधल्या काळात तुम्ही काय करता त्यावर ठरतं. आम्ही त्या तीन आठवड्यांत काय केलं? तेच पोस्टर सहा वेळा टाकलं. दर वेळी वर "चुकवू नका" लिहून.

समितीची तातडीची बैठक झाली. दोन सूचना आल्या. एक, तिकीट १५ युरो करा. दुसरी, फेसबुकला पैसे देऊन जाहिरात करा.

पहिलीला एका मावशींनी अडवलं. त्या म्हणाल्या, "ज्यांनी विश्वासाने आधी १८ ला घेतलं त्यांना काय सांगणार? पुढच्या वेळी पहिल्या दिवशी कोण घेईल?" बरोबर होतं. शेवटी स्वस्त मिळतं हे एकदा लोकांना कळलं की पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला सगळेच शेवटची वाट बघतात. मंडळ वर्षाला पाच-सहा कार्यक्रम करतं, प्रेक्षक तेच असतात.

दुसरी सूचना आम्ही ८० युरो घालून करून पाहिली. सहा तिकिटं आली. म्हणजे एका तिकिटामागे १३ युरोहून जास्त गेले. कारण शोधलं तेव्हा कळलं की जाहिरात मराठी समजणाऱ्यांना दाखवली जात होती, पण त्यातले बरेच दुसऱ्या शहरांत, तीन-चार तास लांब. तेवढ्यासाठी कोण येणार?

हे मला कळलं कसं, तर प्रत्येक ठिकाणी वेगळी लिंक दिली होती म्हणून. अवघड काही नाही. त्याच लिंकच्या शेवटी खूण जोडायची :

```
https://example.org/natak?utm_source=whatsapp&utm_content=uttar
```

`utm_source` म्हणजे कुठून आला, `utm_content` म्हणजे कोणाच्या मेसेजवरून. फेसबुकसाठी वेगळी, ग्रुपसाठी वेगळी, प्रत्येक कार्यकर्त्यासाठी वेगळी. मात्र बघायचं ते तिकीट घेतल्याच्या पानावर. किती जणांनी पान उघडलं याने पोट भरत नाही. मी तीन आठवडे नेमका चुकीचा आकडा बघत होतो.

त्या रात्री मी घरी फोन केला. मोठेबाबांना सांगितलं, चारशे लोक इंटरेस्टेड आहेत पण तिकीट घेत नाहीत. पलीकडून पहिला प्रश्न काय आला असेल ते तुम्हाला माहीतच आहे. मग ते म्हणाले, "तू त्यांना इचारलं का, काऊन घेत नाही म्हणून?"

नव्हतं विचारलं. चारशे दहा लोकांची यादी समोर होती आणि मी एकालाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी मिळून वीस जणांना फोन केले. तिकीट घ्या असं म्हणायचं नाही, फक्त कारण विचारायचं, हे ठरवून घेतलं होतं. एकही माणूस "महाग आहे" म्हणाला नाही. सात जण म्हणाले, लहान मूल आहे, आत घेऊ देतात का, रडलं तर बाहेर न्यायला जागा आहे का. पाच जणांना नाटक किती वाजता संपतं ते हवं होतं, कारण त्यांच्या गावाकडे जाणारी शेवटची ट्रेन साडेदहाची. तिघांच्या घरात जोडीदार मराठी नाही, त्यांना कितपत कळेल ही शंका. दोघांना पार्किंग. उरलेले तिघे म्हणाले, "कोण कोण येतंय ते बघून ठरवू."

आमच्या पोस्टरवर काय होतं? नाटकाचं नाव, कलाकारांचे फोटो, मंडळाचा लोगो, प्रायोजकांचे सहा लोगो, तारीख. या वीस जणांच्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

मग आम्ही पोस्टर बाजूला ठेवलं आणि साधा मजकूर लिहिला. नाटक पाच वाजता सुरू, मध्यंतर वीस मिनिटं, आठ वाजता संपेल, स्टेशन पायी सात मिनिटं. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मागच्या दोन रांगा आणि दाराजवळच्या खुर्च्या त्यांच्या घरांसाठी, बाहेरच्या खोलीत बसायची सोय. मध्यंतरात वडापाव आणि चहा, त्याचे पैसे वेगळे. मराठी न येणाऱ्यांसाठी कथेचा सारांश जर्मनमध्ये एका पानावर मिळेल. सारांश एका सदस्याने दोन संध्याकाळी बसून लिहिला. हा मजकूर चित्र न करता अक्षरांतच टाकला, म्हणजे कोणालाही कॉपी करून घरी पाठवता येईल.

उरलेला प्रश्न "कोण कोण येतंय" चा. तो पोस्टने सुटत नाही. आपल्याकडे भोंगा लावलेली गाडी गावोगाव फिरते ती नाटकाची तारीख सांगायला. पण लांबच्या गावचे लोक येतात ते त्या गावात बहीण, मामा, साडू असतो म्हणून. मंडईला पाहुणे जेवायला येतात आणि रात्री घरातले सगळे मिळून नाटकाला जातात. परदेशात साडू नसतो, पण शेजार असतो. आम्ही शहराचे सहा भाग केले, प्रत्येक भागाला एक माणूस. त्याने ग्रुपवर काही टाकायचं नाही, आपल्या ओळखीच्या पंधरा घरांना स्वतः फोन करायचा : "आम्ही येतोय, तुमच्यासाठी शेजारच्या खुर्च्या धरू का?"

पुढच्या दहा दिवसांत ८८ तिकिटं गेली. शेवटच्या आठवड्यात, दारावरची धरून, आणखी ८३. एकूण २६४. खर्च निघून सहाशे युरोच्या आसपास उरले. कोणाच्या खिशातून काही गेलं नाही. खुणेच्या लिंकवरून पाहिलं तर या १७१ तिकिटांतली शंभराहून जास्त त्या सहा माणसांच्या मेसेजवरून आली होती.

शेवटच्या आठवड्यातली एक बारीक गोष्ट. तेव्हा मी सुट्टीवर इकडे भारतात होतो आणि मेसेज इकडूनच पाठवत होतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ एक तास मागे जातं, साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. मी इकडे सकाळी दहाला "शुभ सकाळ, शेवटची काही तिकिटं" पाठवलं तेव्हा तिकडे पहाटेचे साडेपाच. चार जणांनी ग्रुप सोडला. इकडून काम करणाऱ्यांनी फोनवर तिकडचं घड्याळ लावून ठेवा, एवढंच सांगतो.

आता कार्यक्रमानंतरच्या पोस्ट. बहुतेक मंडळं इथे दमलेली असतात. आठवड्याने चारशे फोटोंचा अल्बम टाकतात आणि विषय संपतो. आम्हीही तोच अल्बम टाकला. दुसऱ्या दिवशी एका आईचा फोन आला, तिच्या मुलाचा चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो न विचारता टाकला म्हणून. ती रागावली होती आणि तिचं बरोबर होतं. युरोपात २०१८ पासून माहितीच्या गोपनीयतेचा कडक कायदा लागू आहे, आणि कायदा नसता तरी मुलाच्या फोटोसाठी पालकांना विचारायलाच हवं. अल्बम काढला, माफी मागितली. आता तिकीट घेतानाच वेगळा प्रश्न असतो, फोटो चालेल का, आणि "नाही" म्हटलं तरी तिकीट मिळतं. हॉलमध्ये फोटो नको असणाऱ्यांच्या रांगा वेगळ्या, फोटोवाला तिकडे कॅमेरा फिरवत नाही.

नाटकाच्या प्रसंगांचे व्हिडिओसुद्धा टाकू नका. एक तर ते कंपनीचं आहे, त्यांना विचारल्याशिवाय नाही. दुसरं, त्यांचा पुढचा प्रयोग दोन दिवसांनी दुसऱ्या शहरात असतो. तिथलं मंडळही आपल्यासारखंच २४० मोजत बसलेलं असतं. शेवटचा प्रसंग तुम्ही फोडला तर नुकसान त्यांचं.

मग टाकायचं काय? आम्ही तीनच पोस्ट ठरवल्या. पहिली त्याच रात्री, भरलेल्या हॉलचा मागून काढलेला एक फोटो आणि दोन ओळी आभार. घरी जाणाऱ्या ट्रेनमध्ये लोक तेच बघत असतात, आणि न आलेल्यांना "कोण कोण आलं होतं" याचं उत्तर तिथे मिळतं. दुसरी दोन दिवसांनी, परवानगी असलेले वीस फोटो आणि काम केलेल्यांची नावं, चहावाल्यापर्यंत. तिसरी आठवड्याने, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : हिशोब. किती तिकिटं, किती खर्च, किती उरले, त्याचं काय करणार. त्याच्याच खाली पुढच्या कार्यक्रमाची तारीख.

हिशोब टाकायला काही जणांचा विरोध होता. "कशाला उगाच?" पण लोकांना पहिल्यांदा कळलं की मंडळ फायद्यासाठी तिकीट लावत नाही आणि २४० च्या खाली गेलं तर समितीच्या खिशाला चाट बसते. पुढच्या कार्यक्रमाला पहिल्या चार दिवसांत ११८ तिकिटं गेली. आधीची ६४ आठवतात ना? निम्मं श्रेय त्या हिशोबाला आणि निम्मं वेळेवर आठ वाजता पडदा पाडणाऱ्या कलाकारांना. पोस्टमध्ये आठ लिहिलं होतं आणि आठलाच संपलं. साडेदहाची ट्रेन मिळालेली माणसं पुढच्या वेळी चौकशी करत नाहीत, सरळ तिकीट घेतात.

एक मर्यादा सांगून थांबतो. फोन करून खुर्च्या भरायची ही पद्धत तीनशेच्या हॉलला चालते. दोन हजारांच्या अधिवेशनाला सहा माणसं पुरणार नाहीत, तिथे नोंदणी कित्येक महिने आधी सुरू करावी लागते. आणि दर महिन्याला तुम्ही त्याच पंधरा घरांना फोन केलात तर ते फोन उचलणं बंद करतील. वर्षातून दोनदा, मोठ्या कार्यक्रमालाच.

यंदा मी इकडेच आहे. आमच्या गावच्या नाट्यमंडळाच्या पोरांनी परवा मला बोलावलं, "दादा, इन्स्टावर रील टाकून दे ना." टाकणार आहे. पण आधी त्यांना विचारलं, कंपनीला किती द्यायचे, मंडपाला किती, आणि किती तिकिटं फाटली की आपण सुटलो. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठेबाबा ओसरीवर बसून ऐकत होते. काही बोलले नाहीत, फक्त आतून वही आणून समोर ठेवली.

तुमच्या गावात किंवा तुमच्या मंडळात तिकिटं कशी खपवतात ते मला व्हॉइस नोटवर सांगा, पुढच्या भागात त्यातले दोन-तीन ऐकवेन. भेटू. नमस्कार.